साल काढलेली वेल मरते की मणी फुगतात? नववीच्या एका लघुत्तरी संचाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक शहराच्या कडेला असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. वर्गात ४४ मुलं आहेत. त्यातली बरीचशी शहरातली, पण आठ-दहा जण निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या गावांतून एसटीने येतात. त्यांच्या घरी द्राक्षबागा आहेत. हा संदर्भ पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून आधीच सांगते. मुलांची नावं बदलली आहेत.

वनस्पतींमधलं परिवहन शिकवून झाल्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आठ प्रश्नांचा लघुत्तरी संच दिला. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. बाष्पोच्छ्वास म्हणजे काय, जलवाहिन्या आणि रसवाहिन्यांमधला फरक, पाणी वर कसं चढतं, पानातून पाणी जाण्याचा वेग कशाकशाने बदलतो, असे नेहमीचेच प्रश्न होते. पाचवा प्रश्न असा होता: "झाडाच्या खोडाची साल गोलाकार काढून टाकली तर झाडाचं काय होईल? कारण लिहा."

माझ्या उत्तरसूचीत लिहिलं होतं: झाड हळूहळू मरतं, कारण सालीतल्या रसवाहिन्या तुटतात आणि पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही. "मरतं" याला एक गुण, कारणाला एक. हा प्रश्न मी गेली काही वर्षं असाच विचारत होते आणि त्यात काही खोट असेल असं कधी वाटलं नव्हतं.

अडचण कुठे आली

पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत मनीषा टेबलापाशी आली. पाचव्या प्रश्नाला तिला शून्य होतं. तिने लिहिलं होतं, "झाड मरत नाही. द्राक्षाचे मणी मोठे होतात. आमच्याकडे दरवर्षी करतात."

मी म्हटलं, "अगं, साल काढल्यावर झाड मरतं, आपण वर्गात बोललो होतो ना."

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मग आमची बाग दरवर्षी मरायला पाहिजे होती."

दुसऱ्या दिवशी ती कागदाच्या पुडीत एक वस्तू घेऊन आली. बोटाएवढ्या जाड ओलांड्यावरून, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरून, काढलेली सालीची अरुंद पट्टी होती ती, बांगडीसारखी वळलेली, साधारण चार मिलिमीटर रुंद. बाहेरून तपकिरी आणि खरखरीत, आतून मात्र पांढरट, ओलसर आणि इतकी बुळबुळीत की बोटातून निसटत होती. वेलीची बाहेरची कोरडी साल तर नुसत्या हाताने सुटते आणि तिच्या धांदोट्या बागेत पडलेल्याच असतात. ही पट्टी त्याच्या आतली, जिवंत थर सोबत घेऊन आलेली होती. एकाने ती जिभेला लावून गोड लागते का पाहायचं ठरवलं, तेव्हा मी हात धरला. द्राक्षबागेत फवारण्या झालेल्या असतात, तिथली कुठलीच गोष्ट चाखायची नाही.

संध्याकाळी तिच्या वडिलांशी फोनवर बोलले. त्यांनी नीट समजावून सांगितलं. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीनंतर, घड निघतात, आणि मणी साधारण ज्वारीएवढे झाले की बुंध्यावर किंवा ओलांड्यावर गर्डलिंग करतात. दुहेरी पात्याच्या चाकूने गोल फिरवून सालीची अरुंद रिंग काढायची, पण आतल्या लाकडाला धक्का लावायचा नाही. "मॅडम, नवीन माणसाच्या हातून चाकू आत गेला की वेल वरून मलूल पडते," असं ते म्हणाले. रिंग रुंद झाली तर जखम वेळेत भरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तीन-चार आठवड्यांत ती भरून येते. अशक्त वेलीला ते गर्डलिंग करत नाहीत.

त्या तीन वाक्यांत माझा अख्खा धडा होता. चाकू लाकडापर्यंत गेला की पानं मलूल पडतात, कारण लाकूड म्हणजे जलवाहिन्या. फक्त साल निघाली तर पानं ताजी राहतात, कारण पाण्याची वाट शाबूत असते. पण पानांत बनलेली साखर खाली मुळांकडे जाऊ शकत नाही. ती रिंगच्या वर अडते आणि वरच्या घडांच्या वाट्याला जास्त येते. जखम भरली की वाट पुन्हा सुरू होते. भरलीच नाही, तर मुळं आपल्या साठ्यावर जगतात, साठा संपला की उपाशी पडतात, आणि मग पाणी शोषणारंच कोणी उरत नाही. म्हणजे मनीषाचं उत्तर अरुंद रिंगसाठी खरं होतं आणि माझं उत्तर रुंद रिंगसाठी. प्रश्नात रुंदीही नव्हती आणि किती दिवसांनंतरची स्थिती विचारली आहे हेही नव्हतं.

खरी अडचण मात्र याच्याही पुढे निघाली. मी पेपर परत मागवले आणि पाचव्या प्रश्नाची सगळी उत्तरं एका बैठकीत वाचली. ४४ पैकी ३८ जणांनी "मरेल" लिहिलं होतं. त्यांपैकी फक्त नऊ जणांनी मुळांना अन्न मिळणार नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. सतरा जणांचं कारण होतं, "पाणी वर जाणार नाही." उरलेल्या बारा जणांनी "वहन थांबेल" असं मोघम लिहिलं होतं आणि त्यांना मी पूर्ण दोन गुण दिले होते. त्या बाराही जणांना मी एकेकटं बोलावून विचारलं, "कशाचं वहन?" नऊ जण म्हणाले, "पाण्याचं."

म्हणजे वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या डोक्यात पाणी सालीतून चढत होतं, आणि माझ्या उत्तरसूचीमुळे ते झाकलं गेलं होतं. ज्या मुलीला खरी गोष्ट माहीत होती तिला मी शून्य दिलं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सोपा होता. मनीषाला आणि तिच्यासारखंच लिहिणाऱ्या दुसऱ्या मुलाला दोन-दोन गुण द्यायचे आणि पुढच्या धड्याकडे जायचं. तक्रार मिटली असती, पण पाणी सालीतूनच चढत राहिलं असतं. शिवाय दोघांनीही कारण लिहिलेलं नव्हतं. "दरवर्षी करतात" हे निरीक्षण आहे, कारण नाही. पूर्ण गुण देणंही बरोबर नव्हतं.

दुसरा पर्याय आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सरांनी सुचवला. ते म्हणाले, "परीक्षेत अपेक्षित उत्तर ठरलेलं असतं. मुलांना तेच पक्कं करून द्या, अपवाद सांगून गोंधळवू नका." त्यांचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही. पुढे बोर्डाच्या परीक्षेत मुलांना साच्यातलं उत्तर लिहावं लागतं हे खरंच आहे. पण इथे गर्डलिंग हा अपवाद नव्हताच. तो नियमच होता, फक्त त्याच्या अटींसकट.

तिसरा पर्याय प्रश्न रद्द करण्याचा. तो न्याय्य दिसतो, पण ज्या नऊ जणांनी नेमकं लिहिलं त्यांच्यावर अन्याय होतो.

चौथा पर्याय वेळखाऊ होता: वर्गात प्रयोग करून पाण्याची वाट डोळ्यांनी दाखवायची, मग प्रश्न नव्याने लिहायचा आणि पुन्हा विचारायचा. त्यासाठी तीन तासिका लागणार होत्या आणि अभ्यासक्रम आधीच मागे होता. मी हाच पर्याय निवडला, कारण जलवाहिनी-रसवाहिनी इथे चुकली की बाष्पोच्छ्वासाचा ओढा कुठल्या नळीत लागतो हेही चुकतं. मग आठांपैकी निदान चार प्रश्नांची उत्तरं पाठ केलेली राहतात, समजलेली नाही.

काय केलं

प्रयोग जास्वंदीच्या फांद्यांवर ठरवला, कारण शाळेच्या कुंपणालाच जास्वंद आहे. दहा मिलिलिटरची मोजपात्रं, त्यात पाणी, प्रत्येकात सारख्या उंचीची आणि आठ-आठ पानांची एक फांदी, आणि पाण्यावर खाद्यतेलाचा पातळ थर. तेलामुळे पात्रातलं पाणी थेट हवेत उडत नाही. पातळी जेवढी उतरेल तेवढं पाणी फांदीतूनच गेलं, असं धरता येतं.

पहिला दिवस वाया गेला. मुलांनी सकाळी फांद्या तोडून पिशवीत भरून वर्गात आणल्या, आणि दुसऱ्या तासिकेपर्यंत सगळ्याच माना टाकून बसल्या. साल काढलेली आणि न काढलेली दोन्ही. तिथेच थांबले असते तर वर्गाने "साल काढली म्हणून कोमेजली" हाच निष्कर्ष घट्ट केला असता. न काढलेलीही कोमेजली होती म्हणून वाचले.

चूक तोडण्यात होती. उन्हात उभ्या झाडाच्या जलवाहिनीतलं पाणी ताणाखाली असतं. पानातून वाफ होऊन जाणारं पाणी मागच्या पाण्याला ओढत असतं, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्याने हा ताण थेट मुळापर्यंत पोहोचतो. फांदी हवेत कापली की ताणलेलं पाणी आत मागे सरकतं आणि कापलेल्या टोकातून हवा शिरते. नळीत बुडबुडा अडकला की तिथली साखळी तुटते, मग फांदी पाण्यात उभी असूनही पाणी वर चढत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही फांद्या बादलीतल्या पाण्यात बुडवून टोकाचे दोन-तीन सेंटिमीटर पाण्याखालीच पुन्हा कापले आणि टोक ओलं ठेवून फांद्या पात्रांत घातल्या. एकही फांदी कोमेजली नाही. पाणी ढकललं जात नाही, ओढलं जातं, हे वाया गेलेल्या दिवसाने जितकं पटवलं तितकं माझ्या फळ्यावरच्या आकृतीने कधी पटवलं नव्हतं.

पाच फांद्या मांडल्या. एक साधी. एकीची पाण्याच्या वर बोटभर रुंद साल गोल काढलेली, उघड्या लाकडाला व्हॅसलिन चोपडलेलं, म्हणजे ते वाळणार नाही. एकीचं कापलेलं टोक मेणाने बंद, साल मात्र पूर्ण. एकीवर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी बांधलेली. आणि एक पंख्याच्या वाऱ्यात.

तीन तासांनी मुलांनी पातळ्या वाचल्या. साधी फांदी २.२ मिलिलिटर प्यायली होती आणि साल काढलेली २.०. एका मुलाने लगेच बोट ठेवलं, "मॅडम, थोडं कमी आहे, म्हणजे साल थोडं पाणी नेत असेल." प्रश्न चांगला होता. मी त्याला दोन्ही फांद्यांची पानं शेजारी ठेवायला सांगितली. साल काढलेल्या फांदीची दोन पानं उघडच लहान होती. एकेका फांदीवरच्या प्रयोगात एवढ्या फरकाचा अर्थ लावता येत नाही. मेणाने टोक बंद केलेल्या फांदीची पातळी जेमतेम ०.१ ने उतरली होती आणि पानं लोंबायला लागली होती. साल पूर्ण होती तरी पाणी चढलं नव्हतं. या एका पात्रापाशी वर्गातला आवाज थांबला.

पिशवीतल्या फांदीने ०.४ मिलिलिटर घेतलं होतं आणि पिशवीच्या आत दव साचलं होतं. पंख्यातलीने ३.४. इथे दुसरा एक गैरसमज वर आला. संचातल्या सातव्या प्रश्नात बऱ्याच जणांनी "वाऱ्याने थंडावा येतो म्हणून पाणी कमी जातं" असं लिहिलं होतं. आपल्याला पंख्याखाली बरं वाटतं त्यावरून हे आलं असणार. पानाला लागून दमट हवेचा एक पातळ थर असतो. तो जागेवर राहिला तर पर्णरंध्रातून वाफ सावकाश बाहेर पडते, वारा त्याला सारखा उडवून नेतो म्हणून वेग वाढतो. पिशवीत नेमकं उलट होतं. आपल्या अंगावरचा घामही वाऱ्यात लवकर सुकतो, थंडावा त्यामुळेच वाटतो, हे सांगितल्यावर मुलांना दोन्ही गोष्टी एकच असल्याचं दिसलं. पंखा दिवसभर चालू ठेवला तेव्हा दुपारनंतर वेग उतरला. पाणी कमी पडू लागलं की रक्षक पेशी पर्णरंध्रं मिटवू लागतात, त्यामुळे जास्त वारा म्हणजे नेहमीच जास्त बाष्पोच्छ्वास, असं म्हणता येत नाही.

मग पाचवा प्रश्न नव्याने लिहिला:

"द्राक्षवेलीच्या बुंध्याची ४ मिलिमीटर रुंद साल गोलाकार काढली, लाकूड कापलं नाही.
(अ) दुसऱ्या दिवशी पानं कोमेजतील का? कारण लिहा.
(आ) काही दिवसांनी कापाच्या वरची कड फुगते. का?
(इ) हीच साल १० सेंटिमीटर रुंद काढली आणि जखम भरलीच नाही, तर वेल लगेच न मरता उशिरा का मरते?"

निष्पत्ती

त्या दिवशी ४३ मुलं हजर होती. (अ) ३६ जणांनी कारणासह बरोबर लिहिलं. (आ) २९ जणांनी. (इ) मात्र फक्त २२ जणांनी. मुळांकडे साठवलेलं अन्न असतं हे मी कुठेच नीट शिकवलं नव्हतं, त्यामुळे "उशिरा का" याला मुलांकडे उत्तर नव्हतं. ही चूक शिकवण्यातली आहे आणि ती या तिसऱ्या उपप्रश्नामुळेच कळली.

मनीषाला पहिल्या पेपरात दोनपैकी एक गुण दिला आणि का, ते तिला सांगितलं. तिने दुसऱ्या पेपरात (आ) च्या उत्तरात लिहिलं, "पानातलं अन्न खाली जायला निघतं आणि रिंगवर अडतं, म्हणून तिथे जाड होतं." ज्यांना "वहन थांबेल" साठी दोन गुण दिले होते, त्यांचे मी कमी केले नाहीत. मोघम उत्तर स्वीकारणं ही चूक माझी होती.

एक नवा गैरसमज मात्र आम्हीच तयार केला. बारा जणांनी दुसऱ्या पेपरात कुठे ना कुठे "रसवाहिनी फक्त खाली वाहते" असं लिहिलं. गर्डलिंगवर इतका भर दिल्याचा तो परिणाम. रसवाहिनी अन्न जिथे बनतं किंवा साठलेलं असतं तिथून जिथे लागतं तिकडे नेते, मग दिशा कुठलीही असो. चाळीतल्या कांद्याला कोंब येतो तेव्हा पाकळ्यांत साठलेलं अन्न वर कोंबाकडेच जातं. हे उदाहरण देऊन ते दुरुस्त करायला आणखी अर्धी तासिका गेली.

निर्णयाच्या जागा

मागे वळून पाहताना तीन जागा दिसतात. मनीषा टेबलापाशी आली ती पहिली. तेव्हा मी उत्तरसूचीच्या बाजूने बोलले, तिला "कसं करतात ते सांग" असं विचारलं नाही. ती दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन आली नसती तर विषय तिथेच संपला असता.

दुसरी जागा सगळे पेपर पुन्हा वाचण्याची. तक्रार एका मुलीची होती, पण आजार ज्यांनी तक्रार केली नाही त्यांच्यात होता. "मरेल" या शब्दाला गुण देणं थांबवून फक्त कारणाला गुण दिले असते, तर तो पहिल्याच दिवशी दिसला असता.

तिसरी जागा चौथ्या प्रश्नाशी जोडलेली आहे. "पाणी वर कसं चढतं?" याला दिंडोरीकडच्या एका मुलाने लिहिलं होतं, "मुळं ढकलतात. छाटणी केली की काडीतून पाणी गळतं." त्यालाही मी अर्धाच गुण दिला होता. छाटणीनंतर वेलीवर पानंच नसतात, त्यामुळे ओढाही नसतो, आणि तरी कापलेल्या टोकातून पाणी टपटपत असतं. तो मूलीय दाब. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स यांनी कापलेल्या द्राक्षवेलीलाच काचेच्या नळ्या जोडून हा दाब मोजला होता आणि १७२७ साली ते प्रयोग प्रसिद्ध केले. भर दुपारी पानांनी भरलेल्या वेलीला लागणारं पाणी मात्र हा दाब पुरवू शकत नाही, तिथे बाष्पोच्छ्वासाचा ओढाच काम करतो. म्हणजे या प्रश्नातही अट सुटली होती: वेलीवर पानं आहेत की नाहीत.

पुन्हा केलं तर

प्रयोगाला एकेका प्रकारच्या तीन-तीन फांद्या घेईन आणि पानांची रूपरेषा आलेखकागदावर काढून क्षेत्रफळाने भागेन, म्हणजे २.२ आणि २.० चा वाद अंदाजावर सोडावा लागणार नाही. फांद्या पहिल्या दिवसापासून पाण्याखाली कापेन, पण एक मुद्दाम हवेत कापलेलीही ठेवेन.

मणी फुगण्याचं सगळं श्रेय गर्डलिंगला देणार नाही. त्याच सुमारास बागेत घड जीए या वाढीच्या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवतात आणि त्यानेही मणी वाढतो. गर्डलिंग केलेली आणि न केलेली वेल एकाच ओळीत, बाकी सगळं सारखं ठेवून पाहिल्याशिवाय आमच्या वर्गाला त्यावर काही म्हणता येणार नाही. मनीषाच्या वडिलांनी पुढच्या हंगामात दोन वेली त्यासाठी सोडायचं कबूल केलं आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मनीषाने फोनवर काढलेला एक फोटो दाखवला. रिंगच्या जागी फिकट, गुळगुळीत, फुगीर पट्टा आला होता. वरची कड खालच्या कडेपेक्षा ठळक जाड होती आणि नवी साल वरून खाली उतरत येऊन मिळाल्यासारखी दिसत होती. तो फोटो आता पाचव्या प्रश्नाच्या शेजारी छापला आहे, आणि प्रश्नात चौथा उपप्रश्न आला आहे: "फोटोतली कुठली कड मुळाकडची? कशावरून?"